पॉलिसीवर कर्ज की सरेंडर? आधी पुढच्या हप्त्याचा विचार करा

पैशाची गरज पडली की एक सल्ला हमखास मिळतो: "पॉलिसी मोडून टाक, नाहीतरी त्यात काय मिळतं?" दुसरा सल्ला याच्या उलट असतो: "कर्ज काढ, आपलेच पैसे आहेत, फेडायची घाई नाही." दोन्ही सल्ले अर्धवट आहेत, आणि दुसरा जास्त घातक. कर्ज घ्यायचे की सरेंडर करायचे हे व्याजदरावरून ठरवू नका. पुढची काही वर्षे हप्ता भरत राहता येईल का, याचे उत्तर आधी शोधा.

सुरुवातीलाच तपासून घ्या की तुमची पॉलिसी एंडोमेंट किंवा मनीबॅकसारखी पारंपरिक आहे. टर्म पॉलिसीला सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे मध्येच मोडल्यावर हाती येणारी रक्कम, नसते, त्यामुळे तिच्यावर कर्जही मिळत नाही. युलिपवर, म्हणजे बाजारात पैसे गुंतवणाऱ्या पॉलिसीवर, कर्ज द्यायला नियमच परवानगी देत नाहीत.

मग जिथून पॉलिसीची सेवा चालते त्या शाखेत जा आणि आजची सरेंडर व्हॅल्यू व कर्जाची मर्यादा लेखी मागा. एजंटाच्या वहीतला अंदाज चालणार नाही. एलआयसीत चालू पॉलिसीवर साधारणपणे सरेंडर व्हॅल्यूच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि पेड-अप, म्हणजे हप्ते थांबल्यावर कमी विम्याने उरलेल्या, पॉलिसीवर ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते.

आता एक हिशेब पाहू. आकडे गोळाबेरजेचे आहेत, पण प्रमाण खरे आहे. डिचोलीतल्या एका घराचे छप्पर पावसाआधी बदलायचे आहे आणि त्यासाठी दीड लाख हवेत. पॉलिसी ५ लाखांची, २० वर्षांची, वार्षिक हप्ता २६,०००, आणि १२ हप्ते भरून झालेले. बोनस वर्षाला २२,५०० धरला तर आजवर २,७०,००० जमलेत. शाखेने सरेंडर व्हॅल्यू सांगितली ३ लाख, म्हणजे भरलेल्या ३,१२,००० पेक्षाही थोडी कमी.

सरेंडर केली तर ३ लाख हातात येतात आणि विमा त्याच दिवशी संपतो. छपराचे दीड लाख गेल्यावर उरलेले दीड लाख आणि वाचलेले आठ हप्ते ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकले, तर आठ वर्षांनी सुमारे ५,४३,००० होतात. ठेवीच्या व्याजावरचा आयकर यात धरलेला नाही.

दीड लाख कर्ज घेतले आणि हप्ते चालू ठेवले, तर १० टक्के दराने व सहामाही चक्रवाढीने, एक पैसाही व्याज न भरता, आठ वर्षांत कर्ज ३,२७,००० च्या आसपास जाते. मुदतीअखेर मिळायचे ५ लाख अधिक ४,५०,००० बोनस. बोनस आतासारखाच राहिला, तर कर्ज वळते करून ६,२२,००० उरतात. शिवाय मधल्या आठ वर्षांत विमा चालू. उद्याच काही बरेवाईट झाले तर वारसाला मूळ विमा आणि जमलेला बोनस मिळून ७,७०,००० मधून दीड लाख व त्यावरचे व्याज कापून बाकी मिळते. सरेंडर केलेल्या घराला विम्याचे काहीच मिळत नाही, आणि पन्नाशीच्या आसपास, साखर-रक्तदाब लागल्यावर, नवा विमा स्वस्तात मिळत नाही. कर्जासाठी पॉलिसी कंपनीच्या नावे केली तरी नामनिर्देशन रद्द होत नाही, कंपनीचे येणे तेवढे आधी वळते होते.

हा हिशेब हप्ता चालू राहील या गृहीतावर उभा आहे. सगळे फसतात ते इथेच.

या कर्जाला मासिक हप्ता नसतो. व्याज सहामाही लागते, आणि त्याच्या तारखा कर्ज घेतल्याच्या दिवसावरून नाही तर पॉलिसीच्या वर्धापनदिनावरून ठरतात. पहिली तारीख म्हणून कधीकधी दोन महिन्यांतच येते. हप्ता बँकेतून आपोआप कापला जातो म्हणून व्याजही जात असेल, हा फार मोठा गैरसमज आहे. ती दोन वेगळी खाती आहेत, आणि ऑनलाइन भरतानाही दोन वेगळे पर्याय असतात. न भरलेले व्याज गुपचूप मुद्दलात मिळते. कोणी दारात वसुलीला येत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

मग हप्ताही थांबतो. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या, तेव्हा डिचोली-साखळीच्या पट्ट्यात ट्रकवर चालणाऱ्या घरांमध्ये हे मी जवळून पाहिले. पॉलिसीवर मिळेल तेवढे कर्ज काढायचे आणि हप्ता सोडून द्यायचा. वरच्याच पॉलिसीवर पूर्ण २,७०,००० घेऊन दुसऱ्या दिवसापासून काहीच भरले नाही असे समजा. पॉलिसी पेड-अप होते: ५ लाखांचे झाले ३ लाख, जमलेला बोनस धरून ५,७०,०००, पुढचा बोनस नाही. कर्ज मात्र आठ वर्षांत ५,८९,००० वर पोचते. म्हणजे मुदत येण्याआधीच कधीतरी कर्ज सरेंडर व्हॅल्यूला ओलांडते. तेव्हा कंपनी नोटीस देऊन पॉलिसी बंद करते. हाती पैसा नाही, विमाही नाही.

नियम नीट लक्षात ठेवा. चालू असलेली किंवा सगळे हप्ते भरून झालेली पॉलिसी केवळ कर्ज सरेंडर व्हॅल्यूपेक्षा जास्त झाले म्हणून बंद करता येत नाही. ती बंद होऊ शकते मध्येच हप्ते सोडल्यावर. म्हणून ओढाताणीच्या वर्षी हप्ता किंवा व्याज यातले एकच भरता येत असेल, तर हप्ता भरा. माझे यावर ठाम मत आहे. व्याज वाढेल, पण संरक्षण टिकेल. आणि मर्यादेपर्यंत कर्ज कधीच घेऊ नका. सरेंडर व्हॅल्यूच्या निम्म्यावर थांबा.

हप्ता पुढे झेपणारच नाही हे दिसत असेल, तर कर्जाच्या वाटेला जाऊ नका. गरज भागवण्यापुरती एक पॉलिसी सरेंडर करा, आणि अनेक असतील तर सर्वात नवी मोडा. मुदतीजवळ आलेली जपा. पैसे नको असून फक्त हप्ता जड झाला असेल, तर नुसती पेड-अप होऊ द्या. कर्ज नसेल तर तिला धोका नाही.

सरेंडरआधी कराचे पाहा. पहिल्या दोन वर्षांतच पॉलिसी सोडली तर ८०सीखाली घेतलेली वजावट उलटते. एप्रिल २०१२ नंतरच्या पॉलिसीचा हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांहून जास्त असेल, तर भरलेल्यापेक्षा जास्त मिळालेली रक्कम करपात्र होऊ शकते. कर्जाची रक्कम उत्पन्न धरली जात नाही.

अर्ज सोपा आहे: फॉर्म, पॉलिसीचा मूळ बाँड, ओळखपत्र, पॅन, रद्द केलेला धनादेश. कर्ज सहा महिन्यांच्या आत फेडले तरी सहसा सहा महिन्यांचे व्याज लागते, तेव्हा महिनाभराच्या अडचणीसाठी हा मार्ग नको. मुद्दल थोडे थोडे भरता येते, पण भरताना ते मुद्दलात जमा करायला स्पष्ट सांगा आणि पावतीवर तसे छापले आहे का ते तिथेच वाचा. कर्ज पूर्ण फिटले की पॉलिसी पुन्हा तुमच्या नावे झाल्याची नोंद करून घ्या आणि मूळ बाँड मागून घरी आणा.