ओटीपोटात एका बाजूला अचानक कळ आणि उलट्या: या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ वर गेला की उलटी करणाऱ्या प्रत्येकाला ऊनच लागलेलं असतं. त्यात तरुण मुलगी ओटीपोट धरून बसली असेल, तर घरचे 'पाळीचं असेल' म्हणतात, कॅज्युअल्टीतला नवखा डॉक्टर 'मुतखडा' लिहितो आणि दोघंही मोकळे होतात. पण ऊन लागल्याने ओटीपोटाची एकच बाजू दुखत नाही. पाळीची कळ बहुधा मधोमध असते आणि मुलीच्या ओळखीची असते. कळ अचानक उठली, एकाच बाजूला आहे आणि उलट्याही लागल्या, तर अंडाशयाला पीळ पडलाय का, हे त्याच दिवशी बघायला हवं. हा पीळ उजवीकडे जास्त पडतो, कारण डावीकडे मोठं आतडं जागा अडवून असतं. म्हणूनच अपेंडिक्सशी गल्लत होते.

डॉप्लर म्हणजे रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी. माझा सगळ्यात जास्त राग आहे तो 'डॉप्लरमध्ये रक्तपुरवठा दिसतोय, म्हणजे पीळ नाही' या वाक्यावर.

काटोलकडची विशीतली मुलगी. पहाटे कूस बदलताना उजवीकडे कळ आली, पाठोपाठ उलट्या. आईने ओवा दिला. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन मिळालं आणि दुपारपर्यंत दुखणं निम्मं झालं. सोनोग्राफीत उजव्या अंडाशयात ७ सेंटीमीटरची गाठ निघाली. खाली 'रक्तप्रवाह आहे, पीळ नाही' असा शेरा. तेवढ्यावर घरी पाठवलं. रात्री पुन्हा तीच कळ, आणि आमच्याकडे आली तेव्हा तिला सरळ उभंही राहवत नव्हतं.

पीळ बसतो तेव्हा आधी दबतात त्या शिरा, कारण त्यांच्या भिंती पातळ. धमनी बराच वेळ रक्त आत ढकलत राहते, ते बाहेर पडत नाही आणि अंडाशय सुजत जातं. शिवाय त्याला रक्त दोन वाटांनी येतं, एक थेट महाधमनीकडून आणि दुसरी गर्भाशयाच्या बाजूने. त्यामुळे पीळ असूनही डॉप्लरवर रंग दिसू शकतो. रंग नसेल तर संशय पक्का होतो, पण रंग असला म्हणून तो फिटत नाही. मी रिपोर्टची शेवटची ओळ वाचून थांबत नाही, फोटो मागते. सुजलेलं अंडाशय, कडेला ढकललेली बीजपुटकं म्हणजे बीजांडं वाढतात त्या बारीक पिशव्या, देठाशी भोवऱ्यासारखा वळसा, हे शोधते. या मुलीच्या फोटोत सूज स्पष्ट होती. पांढऱ्या पेशी नॉर्मल होत्या, पण त्यावरही भरवसा ठेवू नये.

दुसरी गोष्ट दुखणं ओसरण्याची. पीळ कधी अर्धवट सुटतो आणि परत बसतो. वेदनाशामक जरूर द्या, कळवळणाऱ्या मुलीला निदानाच्या नावाखाली ताटकळत ठेवू नका. फक्त इंजेक्शनने बरं वाटलं म्हणून घरी पाठवू नका.

दुर्बिणीतून पाहिलं तर अडीच वेढे आणि अंडाशय जांभळंकाळं. बाहेर आई म्हणाली, "मॅडम, थे सडली असन तर काढूनच टाका ना, पुन्हा कटकट नको."

हा सल्ला कधी कधी डॉक्टरही देतात, तेव्हा मला जास्त चीड येते. काळं दिसलं म्हणजे मेलं असं नाही. आत अडकलेल्या रक्ताने रंग तसा होतो. पीळ सोडवला की रक्ताची गुठळी फुप्फुसात जाईल ही जुनी भीती, तिला आधार सापडलेला नाही. तरुण मुलीत पीळ सोडवायचा आणि अंडाशय ठेवायचं, हाच माझा नेम. हात लावताच भुगा होत असेल तरच काढायचं. पाळी गेलेल्या बाईचा हिशेब वेगळा, तिथे काढणंच बहुतेकदा बरं. या मुलीची डर्मॉइड गाठ काढली, अंडाशय ठेवलं. टेबलावर रंग फारसा बदलला नाही, तरी काही महिन्यांनी सोनोग्राफीत त्याच बाजूला बीजपुटकं दिसली.

बाकी चुका छोट्या, पण रोजच्या. लग्न झालेलं नाही म्हणून प्रेग्नन्सी टेस्ट टाळू नका. नळीतला गर्भही असाच दुखतो. विचारायचं ते आईला बाहेर बसवून विचारा. सोनोग्राफीला लघवी भरायची म्हणून ओकणाऱ्या मुलीला बाटलीभर पाणी पाजू नका, सलाइन लावा. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. चहा-बिस्किटंसुद्धा नको.

आणि ऑपरेशननंतर फाइल माळ्यावर टाकू नका. पीळ पुन्हा पडू शकतो, त्याच बाजूला किंवा दुसऱ्याही. तशी कळ परत आली तर फाइल घेऊन, ऑपरेशन होतं अशा ठिकाणीच थेट जा.