आप्पांचा मेसेज अर्धाच येतो का?
रावेरहून आप्पांचा व्हॉट्सॲप येतो, "उद्या केळीची गाडी", आणि पुढं काहीच नाही, मग आपण फोन करत बसतो. बऱ्याचदा त्यांनी खालच्या ओळीवर जायला कीबोर्डवरचं एंटर दाबलेलं असतं आणि मेसेज तिथंच सुटतो. त्यांचा फोन अँड्रॉइड असेल तर त्यावर व्हॉट्सॲपच्या Settings मधे Chats उघडा, Enter is send बंद करा. आता एंटरच्या जागी वळलेला बाण दिसला की समजा झालं, तो दाबला की नुसती नवी ओळ येते. पाठवायचं फक्त बाजूच्या हिरव्या गोल बटणानं, हे आप्पांच्याच बोटानं दोनदा करून घ्या. तरी अर्धा गेलाच तर 15 मिनिटांच्या आत मेसेज दाबून धरून Edit करता येतं.