ग्राफ नसताना यील्ड आणि मॉड्युलस काढताय? या चुका टाळा

सबमिशनचे दिवस आले की हे दोन प्रकार हमखास समोर येतात. एक म्हणजे आप्पा बळवंत चौकातून आणलेली नोट्सची झेरॉक्स, त्यात गणित अख्खं आहे, "आकृती पाहा" असंही लिहिलंय, पण आकृतीच्या जागी नुसता काळा डाग. दुसरा म्हणजे लॅबमधून आलेला टेन्साइल टेस्टच्या रीडिंगचा कागद, ज्यात लोड आणि लांबीतली वाढ असे दोनच कॉलम आहेत आणि मशीनने काढलेला ग्राफ कुणीतरी हरवलाय. दोन्हीकडे बहुतेक जण एकच गोष्ट करतात, पुस्तकातून स्टीलसाठी २०० गिगापास्कल उचलतात, यील्डला बरा दिसेल असा आकडा टाकतात आणि मोकळे होतात. मला याचा खरंच राग येतो, कारण रीडिंग हातात असतील तर ग्राफशिवाय दोन्ही गोष्टी नीट निघतात आणि वेळही फार जात नाही.

आधी एक खरंखुरं वाटेल असं टेबल घेऊ. ॲल्युमिनियम अलॉयचा गोल बार, व्यास १२.५ मिमी, गेज लेंथ ५० मिमी, वाढ एक्स्टेन्सोमीटरने मोजलेली.

| लोड (किलोन्यूटन) | वाढ (मिमी) |
|---|---|
| ५ | ०.०४१ |
| १० | ०.०७० |
| १५ | ०.०९९ |
| २० | ०.१२८ |
| २५ | ०.१५७ |
| ३० | ०.१९३ |
| ३२ | ०.२३४ |
| ३३ | ०.२७६ |
| ३४ | ०.३४२ |

क्षेत्रफळ १२२.७ चौरस मिमी, म्हणजे दर किलोन्यूटनला ८.१५ मेगापास्कल स्ट्रेस.

चूक १: एकच रीडिंग घेऊन स्ट्रेस भागिले स्ट्रेन

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलीय. पहिली ओळ घेतली, ५ किलोन्यूटन म्हणजे ४०.७ मेगापास्कल, स्ट्रेन ०.०४१ भागिले ५० म्हणजे ०.०००८२, भागाकार आला जवळपास ५० गिगापास्कल. शेजारच्याने २५ ची ओळ घेतली, त्याला आले ६५. मग दोघं भांडत बसतात की कुणाचं बरोबर, आणि तिसरा येऊन सांगतो सरासरी घ्या. कुणाचंच बरोबर नाहीये.

मॉड्युलस म्हणजे रेषेचा उतार, आणि उतार काढायला फरक लागतो. कॉलमकडे नीट बघा, ५ पासून २५ पर्यंत प्रत्येक ५ किलोन्यूटनला वाढ बरोब्बर ०.०२९ मिमीने पुढे जाते. मग ५ किलोन्यूटनला नुसते ०.०२९ यायला हवे होते, आलेत ०.०४१, म्हणजे एक्स्टेन्सोमीटर शून्यावर नव्हता, ०.०१२ मिमी पुढून सुरू झाला. हे ०.०१२ प्रत्येक रीडिंगमध्ये बसलेत, म्हणून एकट्या ओळीचा भागाकार चुकतो आणि लोड जितका कमी तितका जास्त चुकतो. फरक घेतला की ते आपोआप कटतात: २० किलोन्यूटनला ०.११६ मिमी, म्हणजे १६३ मेगापास्कल भागिले ०.००२३२, आलं ७०.२ गिगापास्कल. ॲल्युमिनियमला साधारण ६९-७० अपेक्षित असतात, तेव्हा टेबल चांगलं आहे.

माझी सवय सांगतो. रीडिंगचा कागद आला की मी आधी पेन्सिलने तिसरा कॉलम आखतो, दर किलोन्यूटनला किती वाढ झाली त्याचा. इथे २५ पर्यंत तो ०.००५८ वर स्थिर आहे, २५ ते ३० मध्ये ०.००७२ होतो, मग ०.०२०५, मग ०.०४२, मग ०.०६६. हरवलेल्या ग्राफमध्ये जे बघायचं होतं ते सगळं या कॉलममध्ये दिसतं, सरळ भाग कुठे संपला, वळण कुठे सुरू झालं. ज्यांना घाई असते ते हा कॉलम आखत नाहीत, सगळा डेटा एक्सेलमध्ये टाकतात आणि अख्ख्या कॉलमवर ट्रेंडलाइन मारतात. ती रेष वळणाचे पॉइंटही ओढून घेते, उतार खाली येतो, आणि जवळ लिहिलेला आर-स्क्वेअर ठीकठाक दिसतो म्हणून कुणाला शंका येत नाही. एक्सेलच वापरायचंय तर वापरा, पण फक्त सरळ भागावर. डी मध्ये स्ट्रेस आणि सी मध्ये स्ट्रेन असेल तर पहिल्या पाच ओळी पुरतात:

```
=SLOPE(D2:D6,C2:C6)
```

चूक २: ०.००२ चा अर्थच न समजणं

०.२ टक्के ऑफसेट हे शब्द पाठ असतात, पण ते ०.२ टक्के कशाचे हे विचारलं की ओरलला शांतता. काही जण एकूण स्ट्रेन ०.००२ असेल तिथला स्ट्रेस वाचतात. आपल्या बारला ते म्हणजे ०.१ मिमी वाढ, लोड साधारण १५ किलोन्यूटन, उत्तर सव्वाशेच्या आत. बार तिथे आरामात इलॅस्टिक आहे, लोड काढला तर पूर्ववत होईल आणि हे त्याला यील्ड म्हणतायत! काही जण पुढे जाऊन यील्ड स्ट्रेसला ०.००२ ने भागतात आणि मॉड्युलस १३६ गिगापास्कल लिहितात, ॲल्युमिनियमच्या दुप्पट.

ते ०.००२ म्हणजे लोड काढल्यावर मागे राहणारी कायमची स्ट्रेन. म्हणून ग्राफ नसताना ०.००२ पासून सरळ भागाला समांतर रेष वगैरे डोक्यात आणूच नका, सरळ वजाबाकी करा. प्रत्येक ओळीत इलॅस्टिक वाढ किती असायला हवी ते काढा (लोड गुणिले ०.००५८), त्यात सुरुवातीचे ०.०१२ मिळवा, आणि हे रीडिंगमधून वजा करा. जे उरतं ते कायमचं. ३० ला उरतात ०.००७ मिमी, ३२ ला ०.०३६, ३३ ला ०.०७३, ३४ ला ०.१३३. आपल्याला ५० मिमीचे ०.२ टक्के म्हणजे ०.१ मिमी हवेत, तेव्हा यील्ड ३३ आणि ३४ च्या मध्ये आहे, प्रमाणात काढलं तर ३३.४६ किलोन्यूटनला, म्हणजे साधारण २७३ मेगापास्कल. एवढंच काम आहे.

एक गंमत बघा, शून्याचे ०.०१२ वजा करायला विसरलात तरी यील्ड २७१ येतो, फार बिघडत नाही, कारण तिथे वक्र जवळजवळ आडवा असतो. पण एका ओळीच्या भागाकाराने मॉड्युलस ७० चा ५० झाला होता. म्हणून यील्ड बरोबर आलं म्हणजे मॉड्युलसही बरोबर असणार असं कधीच धरू नका.

चूक ३: क्रॉसहेडची हालचाल म्हणजे बारची वाढ समजणं

याच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण यातून झालेला एक प्रकार मी जवळून पाहिलाय. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपला माइल्ड स्टीलच्या लॉटचा रिपोर्ट हवा होता, आणि तिथे प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांनी कॉलेजच्या यूटीएमवर टेस्ट केली. बारचं माप तेच, १२.५ व्यास, ५० गेज लेंथ. एक्स्टेन्सोमीटर लावायचा कंटाळा केला, मशीनच्या स्क्रीनवरची क्रॉसहेडची हालचालच लिहून घेतली, प्रिंटआउट घेतलाच नाही. १० ते ३० किलोन्यूटनमध्ये क्रॉसहेड ०.६ मिमी हलला होता. त्यावरून मॉड्युलस आला १३.६ गिगापास्कल. स्टीलचा! मग त्यांनी "दुरुस्ती" केली, मॉड्युलसच्या जागी २०० लिहिले आणि त्या २०० च्या उताराने ०.००२ पासून ऑफसेट काढला. वर्कशॉपच्या मालकाला रिपोर्ट मिळाला, यील्ड २९ मेगापास्कल. ते बिचारे लॉट परत पाठवायला निघाले होते.

हिशोब बघा म्हणजे कळेल. २० किलोन्यूटनला स्टीलचा बार ५० मिमीत खरा ताणला जातो फक्त ०.०४१ मिमी. उरलेले साडेपाच दशांशाहून जास्त मिमी कुठून आले? ग्रिपमध्ये जॉचे दात रुततात, बार थोडा सरकतो, बाकीचे सगळे जोड घट्ट बसतात, फ्रेम स्वतः ताणली जाते, बारचे जाड खांदेही थोडे ताणले जातात. म्हणजे जे मोजलं त्यात बार पंधरा भागातला एक भाग. अशा डेटावर २०० ची उभी रेष टाकली तर ती सुरुवातीलाच वक्राला कापणार, २९ तिथूनच आले.

आणि खरं उत्तर त्यांच्याच कागदावर होतं! लोड ३६.५ पर्यंत चढला, मग क्रॉसहेड पुढे जात असताना ३४.५ वर उतरला, थोडा वेळ तिथेच घुटमळला आणि मग परत चढायला लागला. माइल्ड स्टीलला यील्ड पॉइंट असा उघड दिसतो, अप्पर २९७ आणि लोअर २८१ मेगापास्कल, त्याला ऑफसेटची गरजच नाही. ऑफसेट ज्यांना असा ठळक पॉइंट नसतो त्यांच्यासाठी, ॲल्युमिनियम, तांबं वगैरे.

तेव्हा फक्त क्रॉसहेडचा डेटा असेल तर मॉड्युलस रिपोर्ट करू नका, "मोजलेला नाही" असं सरळ लिहा. मशीनचा हिस्सा वजा करून काढतो म्हणणारेही भेटतात, पण तो हिस्सा काढायला ते आधी २०० धरतात आणि शेवटी २०० सापडले म्हणून खूश होतात. यील्ड मात्र लोडवरून निघतो आणि लोड सेल खरं बोलतोय. ठळक पॉइंट नसलेल्या मटेरियलला वजाबाकी करायचीच तर त्याच डेटाचा स्वतःचा उतार वापरा, पुस्तकातला नको, आणि उत्तर अंदाजे आहे असं शेजारी लिहा.

किरकोळ पण रोजच्या:

स्ट्रेन टक्क्यात दिली असेल तर १०० ने भागा, मॉड्युलस शंभर पटीने चुकलेला दिसला की आधी हेच तपासा. न्यूटन प्रति चौरस मिमी म्हणजेच मेगापास्कल, मध्ये मीटर आणून दशांश चिन्ह हरवू नका. व्यास व्हर्निअरने तीन ठिकाणी मोजा, ड्रॉइंगवरचा घेऊ नका, कारण त्याचा वर्ग होतो.

आणि आकडेच नसतील तर?

म्हणजे झेरॉक्सवाला प्रकार, टेबलही नाही, नुसतं "आकृतीतील अलॉयवर इतका लोड दिला, वाढ काढा". इथे मटेरियलचं नाव दिलं असेल तर मॉड्युलस टेबलमधून घेता येतो, कारण तो हीट ट्रीटमेंटने फारसा बदलत नाही. यील्ड तसा घेता येत नाही. ६०६१ ॲल्युमिनियम अनील केलेलं असेल तर यील्ड साधारण ५५ मेगापास्कल, टी-६ असेल तर २७५ च्या आसपास, आणि मॉड्युलस दोघांचा ६९. नावापुढचं टेम्पर वाचल्याशिवाय आकडा टाकू नका, टेम्पर दिलं नसेल तर कुठलं धरलंत ते उत्तरात लिहा.

मग आधी स्ट्रेस काढा आणि यील्डशी ताडून बघा. खाली असेल तरच स्ट्रेस भागिले मॉड्युलस, गुणिले मूळ लांबी करून वाढ लिहा. वर असेल तर ग्राफ किंवा टेबलशिवाय एकूण वाढ निघतच नाही. आपल्याच बारला ३४ किलोन्यूटनवर हुकच्या नियमाने ०.१९७ मिमी येतात, खरी वाढ आहे ०.३३०, आणि लोड काढल्यावर त्यातले ०.१३३ तसेच राहतात.