ऋण संख्यांच्या तासाअखेरची चिठ्ठी कशी तयार करावी

तास संपायला पाच-सहा मिनिटं उरली की मुलांच्या हातात एक छोटी चिठ्ठी द्यायची, ती सोडवून घ्यायची आणि दारातच गोळा करायची. त्यासाठी पानाचा चौथा भाग पुरतो. वर नाव आणि खाली चार उदाहरणं, पर्याय द्यायचे नाहीत. पर्याय दिले की मूल उत्तर काढण्याऐवजी निवडतं, आणि ते कुठे अडलंय हेच आपल्याला दिसत नाही.

दहा उदाहरणं घाला, सोप्याकडून अवघडाकडे जा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नका. पाच मिनिटांत दहा उदाहरणं म्हणजे घाईच्या चुका, आणि घाईची चूक व समजुतीची चूक कागदावर सारखीच दिसते. चार पुरेत. मात्र त्या चारांतले आकडे विचार करून निवडायला हवेत. मला सगळ्यात जास्त त्रास याच टप्प्याने दिला.

सुरुवातीला मी सुचतील ते आकडे घालत असे. एकदा वजाबाकी शिकवून झाल्यावर चिठ्ठीत −८ − (−३) विचारलं. जवळजवळ सगळ्या वर्गाने −५ लिहिलं आणि मी समाधानाने पुढच्या धड्याकडे वळले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ३ − (−८) लिहिलं, तर त्याच मुलांची उत्तरं −५, ५, −११ अशी वाटेल तशी आली. झालं असं होतं, की बऱ्याच मुलांनी कंसातलं चिन्ह पाहिलंच नव्हतं. आठातून तीन गेले पाच, मोठ्या आकड्याचं चिन्ह उणे, म्हणून −५. नियम साफ चुकीचा, उत्तर बरोबर. माझ्याच उदाहरणाने त्यांची चूक झाकली होती.

तेव्हापासून चिठ्ठीतलं प्रत्येक उदाहरण मी आधी चुकीच्या रीतीने सोडवते. मुलांच्या नेहमीच्या चुका माझ्यासमोर असतात: चिन्हाकडे दुर्लक्ष करणं, मोठ्यातून लहान वजा करून मोठ्याचं चिन्ह देणं, बेरीज करून पहिल्या आकड्याचं चिन्ह देणं, आणि कुठेही दोन उणे दिसले की अधिक करणं. यातल्या एकाही चुकीच्या वाटेने बरोबर उत्तर येत असेल, तर ते उदाहरण चिठ्ठीत ठेवायचं नाही, किंवा ती चूक उघडी पाडणारं दुसरं उदाहरण सोबत द्यायचं.

आता मी चारही उदाहरणांत आकड्यांची एकच जोडी वापरते. समजा ३ आणि ८ घेतले. त्यांची बेरीज ११, फरक ५ आणि गुणाकार २४ येतो. तिन्ही एकमेकांपासून लांब आहेत, त्यामुळे मुलाने काय केलं ते उत्तरावरूनच कळतं. २ आणि २ घेतले तर बेरीजही ४ आणि गुणाकारही ४. ३ आणि ६ घेतले तर फरक पुन्हा ३, म्हणजे मुलाने वजाबाकी केली की नुसता आकडा उतरवला ते कळत नाही. २ आणि ३ सुद्धा टाळा. बेरीज ५ आणि गुणाकार ६ यांत फक्त एकाचं अंतर आहे, आणि संख्यारेषेवर मोजताना सुरुवातीचा बिंदूच ‘एक’ म्हणून धरणारी मुलं बरोबर तेवढंच चुकतात. ० आणि १ तर नकोतच. शेजाऱ्याचं पाहून लिहू नये म्हणून दुसरी चिठ्ठी करायची असेल तर ६ आणि ८ चालतात: १४, २, ४८.

माझी चिठ्ठी अशी असते:

−८ + ३ =
−३ − ८ =
३ − (−८) =
(−३) × (−८) =

उत्तरं अनुक्रमे −५, −११, ११, २४. भागाकार मी घालत नाही. त्याचा चिन्हांचा नियम गुणाकारासारखाच आहे आणि त्यासाठी वेगळे आकडे घ्यावे लागतात.

दुसरं आणि तिसरं उदाहरण एकमेकांपासून तोडू नका. ‘वजा वजा अधिक’ हे पाठ केलेलं मूल तिसरं बरोबर सोडवतं आणि शाबासकी मिळवतं. तेच मूल −३ − ८ पाहून म्हणतं, दोन वजा आहेत, म्हणजे अधिक, आणि ११ लिहितं. नुसतं तिसरं दिलं तर हे कधीच दिसत नाही. गुणाकार शिकवलेल्या दिवशीसुद्धा चिठ्ठीत −३ − ८ असायलाच हवं, कारण गुणाकाराचा नियम बेरीज-वजाबाकीत घुसतो तो त्याच दिवशी. माझं स्पष्ट मत आहे की ‘वजा वजा अधिक’ हा घोष वर्गात होऊच नये. आपल्याकडे चिन्हासाठी ‘उणे’ आणि क्रियेसाठी ‘वजा’ असे दोन वेगळे शब्द आहेत, ते वापरा. ‘उणे तीन वजा आठ’ आणि ‘तीन वजा उणे आठ’ ही वाक्यं कानालाच वेगळी लागतात. दोन्हीकडे ‘वजा’ म्हटलं की हा फरक पुसला जातो.

छापताना एक काळजी घ्या. उत्तरासाठी आडवी रेघ देऊ नका. तिच्याजवळ काढलेलं उणेचं चिन्ह रेघेतच मिसळतं, आणि मुलाने चिन्ह दिलं होतं की नव्हतं यावर तुम्ही घरी डोकं खाजवत बसाल. मोकळी जागा सोडा.

चिठ्ठ्या तपासताना गुण देऊ नका, गठ्ठे करा. चारही बरोबर असलेला गठ्ठा बाजूला ठेवा. उरलेल्यांत दुसरं आणि तिसरं उत्तर जोडीने वाचा. दोन्हीकडे ११ असेल तर तो घोष पाठ झालेला आहे. दुसरं −११ बरोबर आणि तिसरं −५ असेल, तर मुलाला ऋण संख्या कळते, पण त्याने कंसातलं चिन्ह सोडून ३ − ८ केलंय. दोन्हीकडे −५ असेल तर ते मोठ्यातून लहान काढून मोठ्याचं चिन्ह देतंय, आणि अशा मुलाचं पहिलं उदाहरण बरोबर आलं असलं तरी त्यावर विसंबू नका, कारण त्या रीतीने ते बरोबरच येतं. पहिल्यात −६ दिसलं तर मोजणी चुकली आहे, नियम नाही. चौथ्यात −२४ म्हणजे ‘दोन्ही ऋण, म्हणून उत्तर ऋण’ हा बेरजेचा नियम गुणाकारात आला.

एकाच चुकलेल्या उत्तरावरून निदान करू नका, ती नुसती घसरण असू शकते. दोन उत्तरं एकाच चुकीकडे बोट दाखवत असतील तरच ती चूक धरा. तरीही शंका राहिली तर त्या मुलाला बोलावून उदाहरण मोठ्याने वाचायला सांगा. पुष्कळदा ते ३ − (−८) हे ‘तीन वजा आठ’ असंच वाचतं आणि तिथेच उलगडा होतो.

दुसऱ्या दिवशी सगळी चिठ्ठी फळ्यावर सोडवत बसू नका. सगळ्यात मोठ्या गठ्ठ्यातली एकच चूक, कोणाचंही नाव न घेता, फळ्यावर लिहा, उदाहरणार्थ −३ − ८ = ११, आणि संख्यारेषेवर −३ पासून आठ घरं कुठल्या बाजूला जायचं ते मुलांनाच दाखवू द्या. त्या दिवशीच्या चिठ्ठीत तेच उदाहरण ६ आणि ८ घेऊन पुन्हा द्या.