किचनसाठी सगळीच मरीन प्लाय घेऊ नका

सुतार सरसकट मरीन, म्हणजे पाण्याला सगळ्यात टिकणारी प्लाय सांगतो आणि बिल फुगतं. त्यापेक्षा वाटणी अशी करा:

१. सिंकखालचं कपाट आणि बाथरूममधलं व्हॅनिटी: मरीन, शिक्का आयएस ७१०.
२. किचनची बाकीची कपाटं: बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यातही तग धरणारी, शिक्का आयएस ३०३ आणि सोबत बीडब्ल्यूआर लिहिलेलं. वाफ, सांडलेलं पाणी एवढं ती सोसते.
३. बेडरूमचं वॉर्डरोब: कमर्शियल, म्हणजे एमआर, फक्त हवेतला दमटपणा सोसणारी. मात्र ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका.

नुसत्या 'वॉटरप्रूफ' स्टिकरवर जाऊ नका. शंका आली तर तुकडा तीन-चार तास उकळा. थर सुटले तर बीडब्ल्यूआर म्हणून कमर्शियल गळ्यात मारलंय.

पाइपसाठी पाडलेल्या भोकाच्या कडा मात्र सील करून घ्याच, पाणी तिथूनच शिरतं.