नव्या लोकांसाठी प्रेझेंटेशनमधल्या शब्दांची यादी: फुल फॉर्म लिहून भागत नाही

जून-जुलैची मासेमारीबंदी संपली की आमच्या कोळंबी-मासळीच्या कारखान्यात नवी मुलं रुजू होतात. पहिल्या दिवशी त्यांना साठेक स्लाइडचा डेक दाखवतात. (रत्नागिरीत डेक म्हटलं की बहुतेकांना आधी ट्रॉलरचा डेक आठवतो. 'उद्या दहा वाजता डेक' असा निरोप वाचून एक मुलगा मिरकरवाड्याला जायच्या तयारीत होता. यादीत पहिला शब्द कुठला घ्यायचा ते तेव्हाच ठरलं.) या डेकसोबत द्यायची शब्दांची यादी मी गेली कित्येक वर्षं करते आहे, आणि पहिल्या दोन वेळा ती पार फसली होती.

शब्द गोळा करणं सोपं आहे. सगळ्या स्लाइड कागदावर छापा, एका पानावर सहा, आणि पेन्सिलीने गोल करत जा. प्रेझेंटेशनचा आउटलाइन काढून त्यातून शब्द उचला, असं कोणी सांगेल. ऐकू नका. आउटलाइनमध्ये ठरलेल्या चौकटींतला मजकूर तेवढा येतो. वेगळ्या टाकलेल्या टेक्स्ट बॉक्समधला येत नाही, तक्त्यातला येत नाही, आणि फोटोवर छापलेला तर नाहीच. आमच्या डेकमध्ये निम्मी संक्षिप्त रूपं पॅकिंगच्या खोक्याच्या फोटोवर होती.

गोल करताना दोन रंग वापरा: संक्षिप्त रूपांना एक, आणि साध्या दिसणाऱ्या शब्दांना दुसरा. दुसऱ्या रंगाकडे जास्त लक्ष द्या. 'आयक्यूएफ' समजलं नाही तर नवा माणूस विचारतो. 'ग्लेझ', 'होल्ड', 'लॉट', 'काउंट' हे शब्द त्याला समजल्यासारखे वाटतात, म्हणून तो विचारत नाही. ग्लेझ म्हणजे चकाकी असं समजून एकाने आठवडा काढला. आमच्याकडे ग्लेझ म्हणजे गोठवलेल्या मालावर चढवलेला बर्फाचा पातळ थर. हा थर निव्वळ वजनात धरत नाहीत, आणि नेमकं तेच त्याला माहीत नव्हतं.

पॅन, ओटीपी, जीएसटी यादीत घेऊ नका. स्लाइडवर एकदाच येणारी आणि तिथेच उलगडलेली रूपंही गाळा. यादी पाठपोट एका कागदावर मावली पाहिजे. पुढे गेली तर कोणी उघडत नाही.

आता अर्थ लिहायचा. मी अडकले ती इथे.

पहिल्या वर्षी मी प्रत्येक रूपासमोर त्याचा फुल फॉर्म लिहिला आणि काम झालं असं समजले. सीसीपी म्हणजे क्रिटिकल कंट्रोल पॉइंट. बरं, मग? तीन अनोळखी अक्षरांच्या जागी तीन अनोळखी शब्द आले, एवढंच. आता त्याच ओळीत असं लिहिलंय: 'जिथे चूक सुटली तर पुढे कुठेच पकडली जाणार नाही अशी पायरी. आपल्याकडे उदाहरणार्थ मेटल डिटेक्टर. तो बंद पडला की लाइन थांबते.' हे वाचलेला मुलगा मेटल डिटेक्टरपाशी उभा राहून मोबाइल बघत नाही. फुल फॉर्म हवा तर शेवटी बारीक अक्षरात द्या.

दुसऱ्या वर्षी मी इंटरनेटवरून व्याख्या उचलल्या. त्या चुकीच्या नव्हत्या, पण आमच्या नव्हत्या. कोळंबीच्या 'काउंट'ने तेव्हा जो घोळ घातला तो सविस्तर सांगते, कारण प्रत्येक धंद्यात असा एक तरी शब्द असतोच.

माझ्या यादीत काउंटसमोर 'ठरावीक वजनात बसणाऱ्या नगांची संख्या' असं होतं. नव्याने आलेल्या एका मुलीने कच्च्या मालाच्या स्लाइडवर ३०/४० पाहिलं आणि ग्रेडिंगच्या स्लाइडवर त्याच लॉटसमोर २१/२५. आकडा लहान म्हणजे नग मोठा, एवढं तिला कळलं होतं. तिने सरळ विचारलं, "मॅडम, डोकं काढल्यावर कोळंबी मोठी कशी झाली?" ग्रेडिंग टेबलावरच्या मावशी हसल्या, "अगो, मुंडी काढून कधी कोळंबी वाढते काय?" पण त्यांनाही कारण सांगता आलं नाही. हेडलेसचा काउंट हाताला बसलेला असतो, तो कशावर मोजतात याचा विचार कोणी करत नाही.

कारण असं की डोक्यासकटच्या कोळंबीचा काउंट किलोवर मोजतात आणि डोकं काढलेल्या, म्हणजे एचएल मालाचा पाउंडावर. एक पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम. ३०/४० चा मध्य ३५ धरा. हजार ग्रॅमला ३५ नग, म्हणजे एक नग साधारण साडेअठ्ठावीस ग्रॅम. डोकं गेल्यावर ६५ टक्के वजन उरतं असं धरलं, तर नग साडेअठरा ग्रॅमच्या आसपास येतो. ४५४ ला त्याने भागा, चोवीस-साडेचोवीस नग येतात. म्हणजे २१/२५ च्याच खणात. कोळंबी वाढली नव्हती, माप बदललं होतं. हे कुठल्याच स्लाइडवर नव्हतं, कारण डेक करणाऱ्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

यातून मी एक चाचणी बसवली आणि ती सोडत नाही. अर्थ लिहून झाला की तो शब्द ज्या ज्या स्लाइडवर आहे तिथे शब्दाच्या जागी माझा अर्थ ठेवून वाक्य वाचते. एका जरी स्लाइडवर वाक्य बिघडलं किंवा आकडा जुळेना, तर माझा अर्थ अपुरा आहे, किंवा एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. 'ठरावीक वजन' दोन्ही स्लाइडवर ठेवून पाहिलं असतं तर कोणतं वजन हा प्रश्न मलाच पडला असता. स्लाइड शोधायला Ctrl+F वापरा, पण पूर्ण शब्दच शोधण्याची खूण चालू करा. नाहीतर PD शोधताना PDF सुद्धा सापडेल. फोटोतली अक्षरं तो शोधत नाही, त्यासाठी छापलेले कागद जवळ ठेवा.

याच चाचणीत पीपी सापडलं. एका विभागाच्या स्लाइडवर ते प्री-प्रोसेसिंग होतं, पॅकिंगच्या स्लाइडवर पॉलिप्रॉपिलीनची पट्टी. अशा वेळी यादीत 'अर्थ १, अर्थ २' लिहून मोकळे होऊ नका. दोन्ही विभागांना एका टेबलावर बसवा आणि एकाला आपलं रूप डेकमधून काढायला लावा. आम्ही पट्टीचं पीपी काढून 'प्लॅस्टिक पट्टी' केलं. वाद पंधरा मिनिटं चालला. त्याआधी दोन वर्षं स्टोअरमध्ये चुकीच्या चिठ्ठ्या जात होत्या.

काही रूपं मात्र बदलता येत नाहीत, कारण ती आपली नसतात. ईआयए म्हणजे एक्स्पोर्ट इन्स्पेक्शन एजन्सी. १९६३ च्या कायद्याखाली निर्यातमालाची तपासणी पाहणारी ही सरकारी यंत्रणा आहे. पण कोकणातल्या मुलाने ईआयए हे रूप वर्तमानपत्रात वाचलेलं असतं ते प्रकल्पांच्या पर्यावरण परिणाम अभ्यासासाठी. सांडपाण्याच्या स्लाइडशेजारी ते दिसलं की तो तेच समजणार. इथे ओळीत स्पष्ट लिहा: 'पर्यावरणाच्या अहवालाशी संबंध नाही.' शब्दाचा कोणता अर्थ नाही हे सांगणारी अर्धी ओळ कधीकधी पूर्ण व्याख्येपेक्षा जास्त कामाची ठरते.

अर्थ विचारायचा तर व्यवस्थापकाला विचारू नका, रोज तो शब्द वापरणाऱ्याला विचारा. त्यातही 'म्हणजे काय' असं विचारलंत तर तोही फुल फॉर्म सांगेल. 'हे चुकलं तर काय होतं?' असं विचारा. पीयूडी आणि पीडी यांतला फरक मला कोळंबी सोलणाऱ्या एका बाईंकडून असाच मिळाला. दोन्ही सोललेली कोळंबी. पीयूडीमध्ये पाठीतला काळा दोरा तसाच असतो, पीडीमध्ये काढलेला असतो. घरी कोळंबी साफ केलेल्या कुणालाही हे दोन शब्दांत कळतं, आणि तरी माझ्या पहिल्या यादीत तिथे 'अनडिव्हेन्ड' असं लिहिलेलं होतं. मधलं एक अक्षर नजरेतून सुटलं की अख्खी ऑर्डर चुकीच्या टेबलावर जाते, हेही त्या बाईंनीच सांगितलं.

तयार ओळी आता अशा दिसतात:

HL – डोकं काढलेली, साल आणि शेपूट असलेली कोळंबी. बोलताना 'हेडलेस'. काउंट पाउंडावर.

काउंट – एका मापात किती नग. डोक्यासकट असेल तर किलोवर, HL असेल तर पाउंडावर. आकडा लहान तर नग मोठा. दोन मापांची थेट तुलना करू नका.

PUD – सोललेली, काळा दोरा न काढलेली. PD नव्हे, त्यात दोरा काढलेला असतो.

रूप स्लाइडवर जसं दिसतं तसंच इंग्रजी अक्षरांत ठेवा, आणि लोक बोलताना वेगळं म्हणत असतील तर तेही द्या. एचएल हे रूप स्लाइडवर दिसतं, फ्लोअरवर ऐकू येत नाही. क्रम इंग्रजी अकारविल्हे लावा आणि काउंट, ग्लेझसारखे शब्दही त्याच क्रमात घाला. विभागवार मांडणी दिसते छान, पण ज्याला शब्दच कळला नाही त्याला तो कुठल्या विभागात शोधायचा हे कुठून कळणार?

स्लाइड क्रमांक देऊ नका. मी दिले होते; मध्ये सुरक्षेची एक स्लाइड घुसली आणि पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकले. 'ग्रेडिंग', 'पॅकिंग' अशी भागाची नावं द्या.

यादी डेकच्या शेवटी चिकटवू नका, स्लाइड सुरू व्हायच्या आधी छापून हातात द्या, सोबत पेन. ज्या शब्दाला अडखळाल त्यावर खूण करा असं सांगा आणि संध्याकाळी कागद परत घ्या. यादीत असलेल्या शब्दावर तीन-चार जणांची खूण असेल तर तो अर्थ पुन्हा लिहायचा. समासात हाताने लिहिलेला नवा शब्द दिसला तर तो पुढच्या छपाईत घ्यायचा. गेल्या खेपेला समासात दोघांनी 'एमसी' लिहिलं होतं. मास्टर कार्टन, म्हणजे लहान पाकिटं भरायचं बाहेरचं मोठं खोकं. पॅकिंगच्या प्रत्येक फोटोवर ते आहे, आणि इतक्या वर्षांत माझी पेन्सिल एकदाही तिथे थांबली नव्हती.