वेगवेगळ्या फोनची कव्हरं, नक्षी मात्र एकच: कॅमेऱ्याचं छिद्र आणि काठ जुळवायचे कसे

आयफोन १५, गॅलक्सी एस२४ आणि पिक्सेल ८ या तीन फोनसाठी एकाच नक्षीची कव्हरं छापायची आहेत असं समजू. नक्षी पैठणीच्या नारळी काठावरून घेतलेली: टोकदार त्रिकोणांची आडवी ओळ, तिच्या खाली दाट रंग, वर मोकळी पार्श्वभूमी. ही तीन कव्हरं शेजारी उभी केली की काठ सलग एका रेषेत दिसला पाहिजे आणि कॅमेऱ्याच्या छिद्राभोवती कडा सगळीकडे सारखी राहिली पाहिजे. कोऱ्या कव्हरांवर थेट छापणारा सपाट बेडचा यूव्ही प्रिंटर वापरला, तर छोट्या दुकानातही हे नीट जमतं.

माप फोनचं नको, कव्हराचं घ्या

आयफोन १५ची उंची १४७.६ मिमी आणि रुंदी ७१.६ मिमी आहे. आयफोन १६चीही अगदी तेवढीच. पण १५चे कॅमेरे तिरपे आहेत आणि १६चे एकाखाली एक, त्यामुळे छिद्राचा आकारच बदलतो. आयफोन १३ आणि १४ यांची लांबी-रुंदीही सारखीच आहे, पण १४चा कॅमेऱ्याचा उंचवटा थोडा मोठा आहे. म्हणून नेटवरचं फोनचं माप घेऊन फाइल बनवू नका. जे कोरं कव्हर छापायचं आहे, तेच पाठ खाली करून स्कॅनरवर ठेवा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवा आणि ३०० डीपीआयला स्कॅन करा. पट्टीवरचे १०० मिमी स्क्रीनवरही १०० मिमी येतात का, ते आधी तपासा. मग कव्हराची बाहेरची कड आणि छिद्राची कड यांच्या रेषा काढा. स्कॅनमध्ये पाठ डोळ्यांना दिसते तशीच येते, त्यामुळे थेट वरून छापताना ती उलटी करायची गरज नाही. सब्लिमेशनच्या कागदावर छापून तो छाप मग उष्णतेने कव्हरावर उतरवणाऱ्यांना चित्र आरशातल्यासारखं उलटवावं लागतं. त्यांची फाइल जशीच्या तशी इथे वापरली, तर छिद्र दुसऱ्याच कोपऱ्यात जाईल.

कोऱ्या कव्हरांचा नवा लॉट आला की त्यातलं एखादं पुन्हा मोजा. साचा बदलला असेल, तर छिद्र किंचित सरकलेलं असू शकतं.

नक्षी तळापासून बसवा, ताणू नका

इथे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे: नक्षी कव्हराच्या आकाराप्रमाणे लहान-मोठी करायची नाही. आयफोन १५ प्लसची उंची १६०.९ मिमी आहे, म्हणजे साध्या १५पेक्षा सुमारे नऊ टक्के जास्त. चित्र तेवढं ताणलं, तर ८ मिमीचा त्रिकोण ८.७ मिमीचा होतो. एकट्या कव्हरावर ते कळत नाही, शेजारी ठेवल्यावर लगेच कळतं.

त्याऐवजी दोन गोष्टी पक्क्या ठरवा. काठाची वरची रेषा प्रत्येक कव्हराच्या तळापासून ६० मिमीवर येईल आणि एका त्रिकोणाचं टोक बरोबर मधल्या उभ्या रेषेवर येईल. डावीकडून मांडायला सुरुवात केली, तर उजव्या कडेला कुठे अर्धा, कुठे पाव त्रिकोण तुटतो. मधून सुरुवात केली की दोन्ही कडांना तो सारखाच तुटतो.

तळ धरण्याचं कारण वर आहे. कॅमेरे वरच्या भागात असतात आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असते. आयफोन १५ला कोपऱ्यात चौकोनी उंचवटा, एस२४ला तीन सुटी भिंगं, तर पिक्सेल ८ला या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी पट्टी. उंचीतला फरक आणि छिद्रांमधला फरक दोन्ही वरच्या मोकळ्या पार्श्वभूमीत सामावून जातात. वर मोर किंवा नाव घातलं, तर पिक्सेलवर ते पट्टीने कापलं जाईल.

छिद्राभोवती अर्धा मिलिमीटर मोकळा सोडा

बाहेरच्या कडेला रंग २ मिमी जास्त जाऊ द्या. छिद्राच्या बाबतीत मात्र उलट करा: छापाची कड छिद्रापासून ०.५ मिमी मागे ठेवा. शाई अगदी कडेपर्यंत नेली, तर केसाएवढी चूकही आतल्या भिंतीवर रंग सांडल्यासारखी दिसते. पांढऱ्या शाईचा खालचा थर रंगापेक्षा आणखी ०.२ मिमी आत घ्या, म्हणजे कडेला पांढरी रेघ डोकावणार नाही.

छिद्राभोवती उंच कड असलेली कव्हरं जपून निवडा. प्रिंटरचं हेड सगळ्यांत उंच भागावरून जायला हवं, त्यामुळे सपाट पाठीपर्यंतचं अंतर वाढतं आणि शाईचे थेंब पसरतात. कड मिलिमीटरभर असेल, तर बहुतेकदा चालतं. त्याहून उंच असेल, तर त्रिकोणांची टोकं बोथट होतात.

जिग, आणि चूक ओळखायची रीत

कव्हर बेडवर नुसतं ठेवून चालत नाही. ३ मिमी अॅक्रिलिकमध्ये कव्हराच्या बाहेरच्या आकाराचे कप्पे लेझरने कापून घ्या, हीच जिग. टीपीयू या मऊ प्लास्टिकची पाठ मधे दबते, म्हणून आत फोनच्या मापाचा ठोकळा घाला. कव्हर कप्प्यात बोटाने हलता कामा नये.

पहिला ट्रे छापला की प्रत्येक छिद्राभोवती चारही बाजूंनी किती जागा कोरी राहिली, ते भिंगाखाली पाहा. समजा डावीकडे ०.९ आणि उजवीकडे ०.१ मिमी राहिली. दोन्हीकडे ०.५ हवी होती, म्हणजे छाप ०.४ मिमी डावीकडे गेला आहे. आता बाकीची कव्हरं पाहा. सगळ्यांत चूक सारखीच असेल, तर सुरुवातीचा बिंदू सरकला आहे. फाइल ०.४ मिमी उजवीकडे घ्या, काम झालं. चूक ट्रेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाढत गेली असेल, तर जिग तिरकी बसली आहे किंवा छपाईचं प्रमाण चुकलं आहे. तिथे फाइल सरकवून फायदा नाही. आणि प्रत्येक कव्हरात चूक वेगळ्याच दिशेला असेल, तर कप्पे सैल आहेत किंवा कोऱ्या मालाचेच आकार सारखे नाहीत. हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले नाहीत, तर माणूस फाइल सरकवत बसतो आणि माल वाया जातो.

रंग आणि पकड

तिन्ही मॉडेल एकाच दिवशी, नोझल तपासून, एकाच प्रोफाइलवर छापा. कोरी कव्हरं एकाच रंगाची आणि एकाच मटेरियलची घ्या, कारण पारदर्शक टीपीयूवरचा लाल आणि पांढऱ्या पॉलिकार्बोनेटवरचा लाल शेजारी ठेवले की वेगळे दिसतात. छापण्याआधी पाठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, मग मटेरियलला चालणारा प्रायमर लावा. मऊ कव्हर वाकतं, म्हणून त्याला लवचिक शाईच हवी. कडक शाईला कोपऱ्यांवर तडे जातात.

एक दिवस थांबून नमुन्याच्या कव्हरावर ब्लेडने बारीक चौकड्या ओढा, त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर चौकोन निघून आले, तर प्रायमर किंवा पुसणं कमी पडलं आहे, तो लॉट विकू नका. प्रत्येक मॉडेलचं पास झालेलं एक कव्हर लॉटची तारीख लिहून अंधाऱ्या पाकिटात ठेवा. पुढची ऑर्डर आली की नवा छाप स्क्रीनशी न ताडता दिवसाच्या उजेडात त्या कव्हराशी ताडायचा.